दोघांचा होकार, एकच पत्ता

मी वडगाव-शहापूरच्या साड्या विणणाऱ्या मागवाल्यांना सूत विकतो. निपाणीहून येऊन या धंद्यात पडलो, तेव्हापासून एक खोड अंगात मुरली आहे : कुणाचा नंबर, कुणाचा ईमेल विचारल्याशिवाय तिसऱ्याला द्यायचा नाही. सुरुवातीलाच माझा नंबर एका शहाण्याने असाच वाटला होता. वर्षभर नको त्यांचे फोन झेलले. तेव्हापासून दोघांची ओळख करून द्यायची तर आधी दोघांना वेगवेगळं विचारतो. एकाने नको म्हटलं की दुसऱ्याला कळतसुद्धा नाही.

माझ्या या शिस्तीचा मला गर्व होता. तो उतरला खासबागेत.

तिथे दोन भावांचा कारखाना आहे. मध्ये विटांची भिंत, इकडे थोरल्याचे चार माग, तिकडे धाकट्याचे चार. दोघांत बोलणं बंद. थोरल्याच्या साडीचा काठ बघत राहावा असा, पण गिऱ्हाईक सगळं धाकट्याकडे, कारण त्याला गोड बोलता येतं. थोरल्याचे दोन माग बंद पडले होते. उरलेले दोन चालू राहावेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

पुण्यातल्या एक बाई साड्यांचं दुकान चालवतात. त्यांना असाच काठ हवा होता. मी थोरल्याला आधी विचारलं.

"दे की रं ओळख करून," तो म्हणाला. "पर भिंतीपलीकडं कळू देऊ नगंस. त्यो घास तोंडातनं काढतोय."

मग बाईंना ईमेल लिहिलं : असे असे कारागीर आहेत, साड्यांचे फोटो जोडलेत, ओळख करून देऊ का? नको असेल तर निःसंकोच कळवा, त्यांना मी काही बोलणार नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, जरूर करून द्या.

तेव्हा कुठे ओळखीचं पत्र लिहिलं. दोघांचे ईमेलचे पत्ते वर, कोण कोण ते दोन-दोन ओळींत, आणि शेवटी, पुढचं तुम्ही आपसांत बोला, मी बाजूला होतो. थोरल्याचा पत्ता टाकला त्याच्या बिलावरचा. छापील पत्ता, त्यात विचारायचं काय?

अर्ध्या तासात त्या पत्त्यावरून आम्हा दोघांना उत्तर आलं. बाईंना नमस्कार, माझे आभार, सोबत साड्यांचे फोटो, आणि फोन नंबर. धाकट्याचा.

तो पत्ता वडील होते तेव्हाचा, दोघांचा मिळून. भिंत घातली, माग वाटले, भांडी वाटली, पण ईमेल वाटायचं कुणाला सुचलं नाही. थोरला ते महिन्यातून एकदा मुलीकडून उघडून घ्यायचा. धाकट्याच्या मोबाईलवर ते दिवसभर उघडं असायचं.

मी चिडून धाकट्याला फोन लावला.

"माझ्या पत्त्यावर आलं, म्या उत्तर दिलं," तो म्हणाला. "त्यात काय चुकलं, अण्णा?"

"ओळख तुझी न्हाय, तुझ्या थोरल्याची करून दिलीय!"

"मग त्येच्या कपाळावर पाठवायचं हुतं."

असा माणूस समोर असता तर मी हात उचलला असता. तेही जमलं नाही म्हणून बाईंना खरं ते कळवलं : होकार थोरल्याने दिला होता, उत्तर धाकट्याने दिलंय, चूक माझी; थोरल्याचा वेगळा पत्ता घेऊन पाठवू का?

बाईंचं उत्तर तीन ओळींचं होतं. भावांच्या भांडणात मला पडायचं नाही. दोघांनाही माझ्या वतीने नाही सांगा. पुढे अशी ओळख करून देऊ नका. बाईंचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

नियमाने नाही ते नाही. मी खासबागेत जाऊन दोघांनाही झालं ते सांगितलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी मला शिव्या बसल्या. धाकटा म्हणाला, माझं गिऱ्हाईक तोडलंस. थोरल्याने चालू मागाचं बटण बंद केलं, आणि त्या शांततेत म्हणाला, "तुला लई इश्वासानं सांगिटलं हुतं. तू भिंतीपलीकडंच नेऊन ओतलंस."

मी म्हणालो, चुकलो. त्याने पुन्हा बटण दाबलं. खडखडाटात माझं ऐकायचं त्याला कारणच उरलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या दुकानातून सूत घेऊ लागला. तिसरा मागही बंद झाल्याचं मला बाजारात कळलं.

नंतर एक ईमेल आलं, अनोळखी पत्त्यावरून. थोरल्याच्या मुलीने बापासाठी नवीन पत्ता काढला होता, एकट्या त्याचा. त्यावरून गेलेलं बहुधा पहिलंच पत्र माझ्याकडे आलं होतं. एकच ओळ :

"हा पत्ता कुणालाही देऊ नये. विचारूही नये."