शहाण्णवचे एकशे दोन

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. उत्तरपत्रिकेचं पान, वर्गातल्या बाकावर ठेवून घाईघाईने काढलेला. एका कोपऱ्यात नणंदेच्या अंगठ्याची सावली पडली आहे, पान जरा तिरकं आहे, आणि मधोमध लाल शाईची फुली. फुलीशेजारी सरांनी लिहिलंय, १०२ ग्रॅम. खाली गोलात शून्य.

नणंद तेव्हा अकरावी सायन्सला होती. आमच्या उंद्रीहून रोज एसटीने चिखलीला जायची. मी या घरात येऊन सात वर्षं झाली होती. मेहकरच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं होतं, तेही केमिस्ट्री घेऊन. पण आमच्याकडे टोमॅटो, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकते आणि यातल्या कशालाच डिग्री लागत नाही. लग्नात ती एक गोष्ट म्हणून सांगितली गेली, तशीच विसरलीही गेली. मीही विसरत चालले होते. कधीमधी तुरटी फिरवलेल्या माठात गाळ हळूहळू खाली बसताना दिसायचा आणि कुठलंतरी समीकरण डोळ्यांसमोरून तरंगत जायचं, अर्धवट. तेवढंच.

पहिली चाचणी पंचवीस मार्कांची होती, पास व्हायला नऊ लागत. सासऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पहिल्या चाचणीत सगळ्या विषयांत पास झाली तर सायन्स, नाहीतर गावातच आर्ट्स. दुष्ट माणूस नव्हे. रोजचं एसटीचं जाणंयेणं, त्यात पोरीची दमछाक त्यांना बघवत नव्हती, एवढंच. केमिस्ट्रीत तिला सात मिळाले. तीन मार्कांचा एकच प्रश्न होता, त्यात शून्य. शाखा बदलायची मुदत सोमवारी संपत होती, आणि बदलाचा अर्ज भरून, फोटो चिकटवून, भिंतीच्या देवळीतल्या डब्याखाली ठेवला होता.

सरांनी वर्गात पेपर दाखवायला दिले तेव्हा तिने हे पान टिपलं आणि मलाही पाठवलं. शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. तिने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, "वहिनी, हे काऊन चुकलं?"

सासरे थांबले. नवऱ्याचा घास हातात राहिला. सासूबाईसुद्धा तव्यावरून मान वळवून बघायला लागल्या. सात वर्षांत त्या घरात माझ्या उत्तराची कुणी अशी वाट पाहिली नव्हती. मी हात धुतले, पदराला पुसले, आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

गणित सोपं होतं. चौऱ्याऐंशी ग्रॅम नायट्रोजन आणि बारा ग्रॅम हायड्रोजन एकत्र केले, तर अमोनिया किती तयार होईल? दोघांतला जो आधी संपतो त्याच्यावर सगळं अडतं. त्यालाच लिमिटिंग रिएजंट म्हणतात. मी वरच्या दोन ओळी वाचल्या: नायट्रोजन तीन मोल, हायड्रोजन सहा मोल. मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, जसं डझन. तीन कमी, सहा जास्त. म्हणजे नायट्रोजन आधी संपणार. खालचं मी वाचलंच नाही. म्हटलं, सर बरोबर आहेत, नायट्रोजनच कमी आहे, हिने उलटं धरलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला. वर दोन-चार इंग्रजी शब्द पेरले, आणि सासऱ्यांनी मान डोलावली तेव्हा मला जो आनंद झाला तो आठवला की आजही कान गरम होतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

नणंद उठली. फोन उचलला, ताट उचललं, आणि बाहेर गेली. सासरे म्हणाले, मग सोमवारी देऊन येऊ अर्ज.

त्या दुपारी मी टोमॅटोला आधार बांधत होते. आभाळ भरलेलं होतं पण पडत नव्हतं, आणि वारा कुठेतरी जाऊन झोपल्यासारखा थांबलेला. टोमॅटोच्या पानांचा तो हिरवा, कडवट वास. हात काळपट हिरवे होतात आणि धुतले तर पाणी पिवळं निघतं. अशा कामात मन जागेवर राहत नाही. गाठ मारायची, सरकायचं, गाठ मारायची. मला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा दिसत होती, उंच खिडक्या, ब्युरेटच्या नळीतून पडणारा थेंब, गुलाबी होता होता पुन्हा नितळ होणारं पाणी. कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवून हळूच थांब म्हणावं तसं वाटत होतं, पण कुणी नव्हतंच.

बांबूला तारेचे तीन पदर असतात, गुडघ्याशी, कमरेशी आणि छातीशी. प्रत्येक पदर बांबूला सुतळीने बांधायचा. म्हणजे एका बांबूला तीन तुकडे. मी निघताना मोजून घेतले होते, चाळीस बांबू, सुतळीचे नव्वद तुकडे. मनात म्हटलं होतं, सुतळी भरपूर आहे.

तिसाव्या बांबूला शेवटची गाठ मारली आणि टोपलीत हात घातला तर टोपली रिकामी. समोर दहा बांबू उघडे उभे होते. मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. नव्वद चाळीसांपेक्षा जास्त. आणि नव्वदच संपले होते.

मी तिथेच वाफ्याच्या बांधावर बसले. माझ्या फोनवर तो फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी ओळ न ओळ वाचली. तिचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. पेपर इंग्रजीत होता, मी मराठीत मांडते:

N₂ + 3H₂ → 2NH₃
नायट्रोजन: ८४ ÷ २८ = ३ मोल
हायड्रोजन: १२ ÷ २ = ६ मोल
समीकरणातल्या आकड्याने भागून: नायट्रोजन ३ ÷ १ = ३, हायड्रोजन ६ ÷ ३ = २
२ लहान, म्हणून हायड्रोजन आधी संपेल
६ मोल हायड्रोजनपासून अमोनिया: ६ × २ ÷ ३ = ४ मोल
४ × १७ = ६८ ग्रॅम

एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात. तीन मोल नायट्रोजन पुरता संपवायला नऊ मोल हायड्रोजन हवा होता, आणि होता सहाच. पोरीचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. तिने नुसतं किती आहे ते पाहिलं नव्हतं, किती लागतं तेही पाहिलं होतं. सरांनी आणि मी फक्त आहे ते मोजलं.

मग मातीत काडीने बेरीज केली. आत घातलं चौऱ्याऐंशी आणि बारा, म्हणजे शहाण्णव ग्रॅम. तिच्या उत्तरात अमोनिया अडुसष्ट, उरलेला एक मोल नायट्रोजन अठ्ठावीस, दोन्ही मिळून बरोबर शहाण्णव. सरांच्या उत्तरात नुसता अमोनियाच एकशे दोन. शहाण्णव ग्रॅम घालून एकशे दोन काढले होते त्यांनी, आणि मी भर पंगतीत त्यावर शिक्का मारला होता. मला रडू आलं. लाज वाटली म्हणून, आणि त्याहून जास्त भीती वाटली म्हणून, की सुतळी पुरली असती तर सोमवार असाच निघून गेला असता.

संध्याकाळी ओसरीवर सासऱ्यांना सांगितलं, मी चुकले. ते म्हणाले, दुपारी तर सर बरोबर म्हणालीस. मी मोल वगैरे काही काढलं नाही. इतकंच विचारलं, की आपण घरून शहाण्णव किलो माल मोजून भरला आणि बाजारात तो एकशे दोन भरला, तर? त्यांनी आयुष्यभर भाजी तोललेली. क्षणाचाही विचार केला नाही.

"काटा खोटा हाय," ते म्हणाले. मग, "सोमवारी तू जाय तिच्यासंग."

सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही चिखलीला गेलो. अर्ज सासऱ्यांनी माझ्या पिशवीत घालून दिला होता. काम झालं नाही तर तिथेच द्यायचा. धुकं नव्हतं, पण खिडकीची काच इतकी मळकी होती की बाहेरची सोयाबीनची शेतं स्वप्नात असल्यासारखी सरकत होती. नणंद खिडकीशी बसलेली, मांडीवर दप्तर. मी पिशवीतला अर्ज पुन्हा चाचपून पाहिला.

सर प्रयोगशाळेत भेटले. तासिकेवर शिकवणारा पोरगाच होता, दोन कॉलेजांत धावणारा, शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग. मी भांडायची तयारी करून गेले होते, पण त्याने उत्तरपत्रिका काढून समोर ठेवली आणि मी बेरीज मांडताच त्याने ती स्वतः पुन्हा करून पाहिली. मागच्या वर्षीची तयार उत्तरं समोर ठेवून शेवटचा आकडा तेवढा पडताळला होता, असं त्याने स्वतःहून सांगितलं. फुली खोडली, तीन मार्क दिले, सातचे दहा केले, सही केली. मग गठ्ठ्याकडे बघून म्हणाला, बाकी सगळ्यांनी मी शिकवलं तसंच लिहिलंय, उद्या वर्गात पुन्हा शिकवावं लागेल. मला तो आवडला.

येताना एसटी जवळपास रिकामी होती. पिशवीतला अर्ज मी काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो नीट चार घड्या करून दप्तरात ठेवला, फाडला नाही. फोटो चिकटवलेत ना, कामी येतील, म्हणाली. मला हसू आलं. मग दोन दिवस मनात होतं ते विचारलं. सरांनी शिकवलं नाही, पुस्तकात ही रीत अशी नाही, मग आकड्याने भागायचं तुला कुणी सांगितलं?

तिने खिडकीबाहेर बघतच सांगितलं. माळ्यावरच्या माझ्या लोखंडी पेटीत एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने ती पूर्ण वाचून काढली होती. ते गणित, ती रीत, सगळं माझ्याच अक्षरात होतं.

मला ती वही आठवेना. पेटी आठवली, कुलूप आठवलं, वही नाही.

"मंग शनिवारी काऊन नाही बोलली?" मी विचारलं. "म्हणायचं ना, वहिनी, हे तुमचंच आहे म्हणून."

"सगळे बसले होते ना," ती म्हणाली. "तुमी बोलून राह्यल्या होत्या अन् बाबा आयकून राह्यले होते."