कोतवालबाईंच्या हातातून गेलेल्या चिठ्ठ्या

दुसऱ्याची चिठ्ठी वाचताना माणूस निदान इकडे तिकडे बघतो. आमच्या कोतवालबाई बघत नसत. सुतळीने बांधलेला चष्मा डोळ्यावर चढवायच्या आणि ज्याची चिठ्ठी त्याच्यासमोरच, ओठ हलवत, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायच्या. वर शुद्धलेखनाची चूकही दाखवायच्या.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूला आमचं मुलींचं वसतिगृह होतं आणि बाई तिथल्या रेक्टर होत्या. कोतवालबाई हे नाव आम्ही ठेवलेलं. पुरुषमाणसाला व्हरांड्याच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती. रविवारी चार ते सहा, तेही बाकावर बसून; इतर दिवशी फाटकावरूनच. भेटायला आलेल्याने चिठ्ठी लिहायची, बाईंनी ती वाचून वर न्यायची, मुलीचं उत्तर वाचून खाली आणायची. बावीस वर्षांत अशा किती चिठ्ठ्या त्यांच्या हातातून गेल्या असतील देव जाणे. देव म्हटलं की त्या डोळे वटारायच्या. छप्पन साली, नवऱ्याला जाऊन वर्ष झालेलं असताना, त्या दीक्षेला उभ्या राहिल्या होत्या. 'खोटं बोलणार नाही असं लाखो लोकांत हात वर करून कबूल केलं मी. तुह्या मनाले बरं वाटावं म्हणून मोडू का?' असं त्या म्हणायच्या. त्यामुळे गोड बोलणं हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता.

मुलींच्या उत्तरांत एक उत्तर वरचेवर यायचं. मला थोडे दिवस एकटीला राहू दे. शब्द कमीजास्त, पण गोष्ट तीच. ती चिठ्ठी हातात पडली की खालच्या मुलाचा चेहरा उतरायचा, आणि बाई त्याला पहिला प्रश्न विचारायच्या, 'भांडण झालं होतं का गा?'

झालं असेल तर बाई निर्धास्त असत. आमच्या खोलीतल्या शैलाचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर नोकरी करायची की नाही यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. 'आठ दिवस तोंड दाखवू नकोस,' असं तिने लिहून पाठवलं. तो बिचारा बाकावरच रडायला लागला. बाई म्हणाल्या, 'कायले रडून राहिला? तिचं डोकं तापलं हाय. आत्ता बोलली त वाईट बोलीन, हे तिले समजते, म्हणून दूर राहून राहिली. तिनं दिवस सांगितला न? म्हणजे नवव्या दिवशी ये असं सांगितलं. तू फक्त लिही, चिठ्ठी भेटली, थांबतो, नवव्या दिवशी येतो. चवथी ओळ लिहू नको.'

त्याने ऐकलं नाही. चौथ्याच दिवशी बारा पानांचं पत्र घेऊन हजर. क्षमा, शपथा, रात्रंदिवस झोप नाही, सगळं. शैलाने तीन पानं वाचली आणि तिचा थोडा निवलेला राग पुन्हा भडकला. मला श्वास घेऊ देत नाही, मग पुढे काय होणार, असं म्हणून तिने आणखी आठ दिवस वाढवले. बाईंनी त्याला फाटकावरच धुतला. 'तुले तिचा राग जाऊ द्यायचा नाही, तुले तुही भीती घालवायची हाय. आता घरी जा अन् गप बस. पण सतराव्या दिवशी नाही आला, त तिले वाटीन याले काही पडलीच नाही.' तो सतराव्या दिवशी आला. पुढे दोघांचा संसार झाला, अजून भांडतात.

भांडण झालं नसेल तर मात्र बाई निर्दय व्हायच्या. एका बँकेतल्या कारकुनाला आलेली चिठ्ठी मला आठवते. अक्षर मोत्यासारखं. अभ्यासाचा ताण आहे, थोडे दिवस मोकळीक हवी, तुम्ही फार चांगले आहात. बाईंनी विचारलं, 'भांडण?' तो आनंदाने म्हणाला, 'छे हो, मागच्या रविवारी तर तलावावर चणे खाल्ले आम्ही.' बाईंनी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. 'मंग जा बापू, संपलं. रागावलेली पोरगी शिव्या लिहिते. हे शांतपणानं लिहिलं हाय, महिनाभर मनात घोळवून. हिनं तुही तारीफ केली, दिवस नाही सांगितला.' व्हरांड्यात आणखी चार जण बसले होते. त्यांच्यासमोर सांगितलं. तो मुलगा चप्पल घालायची विसरून फाटकापर्यंत गेला. आम्ही वर खिडकीत तोंडावर पदर धरून हसत होतो, आणि आज ते हसू आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

असं असलं तरी बाईंना सरसकट एकच माप लावायची सवय नव्हती. आमच्यातल्याच कुसुमची आई वारली तेव्हा तिनेही भांडण नसताना तसंच लिहिलं होतं, पण खाली लिहिलं होतं की पंधरा तारखेला सायकल घेऊन या, मला स्टेशनवर सोडायचं आहे. बाई त्या मुलाला म्हणाल्या, 'ही दमली हाय, गेली नाही. दुःख सांगितलं, दिवस सांगितला, काम बी सांगितलं. जाणारी बाई काम सांगत नाही.'

हे सगळं मी दोन वर्षं ऐकत होते. बाईंच्या हाताखाली शिकलेली मी एकटीच असेन जिने त्या शिकण्याचा उपयोग केला, आणि तो असा.

मधुकर पारशिवनीच्या शाळेत मास्तर होता. दर रविवारी एसटीने यायचा. आमचं लग्न करायचं ठरलं होतं, म्हणजे आम्हीच ठरवलं होतं, घरी अजून सांगायचं होतं. त्या वर्षी त्याला पुण्याला वर्षभराच्या शिक्षणक्रमासाठी जागा मिळाली; ते त्याने चिठ्ठीत लिहिलं, म्हणजे बाईंनाही कळलं. तिथून आला की हायस्कुलात घेणार होते. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं होतं. त्याच सुमारास माझ्या मामाने मुंबईच्या एका इंजिनियरचं स्थळ आणलं. मला ते स्थळ हवं होतं. पण तिकडून होकार आला नव्हता, आणि नाही आला तर मधुकर हातचा जायला नको होता.

नुसती चिठ्ठी लिहिली असती तर बाईंनी त्याला खरं सांगून टाकलं असतं. म्हणून मी आधी भांडण केलं. तलावाच्या काठावर तो सहज म्हणाला, 'आई विचारत होती, तुले झुणका जमते का.' मी तेवढंच धरलं. तुझ्या आईला सून नको, मोलकरीण हवी आहे, तुम्ही सगळे सारखेच, असं बरंच बोलले. 'सुमन, काहून असं बोलून राहिली तू? मी काय केलं?' तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता आणि मी मनात म्हणत होते, एवढं पुरे होईल.

पुढच्या रविवारी चिठ्ठी दिली. मला थोडे दिवस मोकळं राहू दे, राग गेला की कळवीन. बाईंनी वाचली. 'दिवस काहून नाही लिहिला वं?' मी म्हटलं, 'राग किती दिवसांत जातो हे आधी कसं सांगू, बाई?' बाई हसल्या. त्या फार कमी हसत, म्हणून मला अजून ते दिसतं. खाली जाऊन त्यांनी विचारलं, भांडण झालं होतं का. तो म्हणाला, 'हो बाई, लय मोठं.' मग त्यांनी त्याला धीर दिला. 'राग हाय म्हणजे जीव हाय. थांब. पत्र लिहू नको, मागं लागू नको, पण दर रविवारी अर्धा घंटा येऊन बाकावर बस, म्हणजे तिले समजीन तू हाय म्हणून. अन् गाव सोडून जाऊ नको गा आत्ता. भांडणावर माणूस निघून गेला की बाईच्या मनात ते कायमचं बसते.'

तो तीन रविवार बसला. वर बघायचाही नाही, बाईंनी सांगितलं नव्हतं ना. दुसऱ्या आठवड्यात जेवताना बाई माझ्या पंक्तीजवळ थबकल्या. 'भांडलेली पोरगी पोळी टाकून उठते. तू त दुसऱ्यांदा भात घेऊन राहिली.' मी परीक्षेचं काहीतरी सांगितलं. त्यांनी ते मानलं, कारण त्यांना माझ्यावर संशय घ्यायचा नव्हता. मी त्यांची लाडकी होते.

चौथ्या रविवारी मामा आला. हातात पेढ्यांचा पुडा. मुंबईचा होकार आला होता. तो व्हरांड्यात शिरतानाच मोठ्याने बोलायला लागला, बाईंना पेढा दिला, बाकावरच्या सगळ्यांना दिला, मधुकरलाही दिला. 'भाची माझी, दिवाळीनंतर लग्न. घ्या हो, तोंड गोड करा.' मी जिन्यात उभी होते. मधुकरने पेढा घेतला आणि खाल्ला. सगळा, सावकाश. मग रुमालाने बोटं पुसली.

बाईंचा पेढा हातातच होता. त्यांनी त्याला विचारलं, 'तुह्यं पुण्याचं काय झालं गा?'

'तारीख गेली न बाई. तुम्हीच म्हटलं होतं, आत्ता गाव सोडून जाऊ नको.'

बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. 'माह्यं चुकलं, बापू. मी वाचलं, पण मले वाचता नाही आलं.' ज्या बाईंनी कधी कोणाची क्षमा मागितल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं, त्यांनी मास्तरासमोर मान खाली घातली. तो म्हणाला, 'तुमचं कसं चुकलं? भांडण त झालंच होतं.' आणि नमस्कार करून एसटी स्टँडकडे चालू लागला. त्याने जिन्याकडे पाहिलं नाही. मी त्याला त्यानंतर कधी पाहिलं नाही.

मी शिव्यांची वाट बघत होते. अख्खं वसतिगृह बघत होतं. संध्याकाळी बाई खोलीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, 'सुमनताई, तुमचे कपडे वाळले आहेत, काढून घ्या.' दोन वर्षं 'वं'शिवाय हाक नव्हती, आता ताई आणि तुम्ही. तेही शुद्ध, छापील मराठीत. पुढचे तीन महिने तसेच गेले. माझा निकाल चांगला लागला तर म्हणाल्या, 'तुम्ही फार हुशार आहात.' शैला सांगायची, त्यांनी मुलांना काही सांगणंच बंद केलं. चिठ्ठी घडी न उलगडता वर आणायच्या, घडी न उलगडता खाली न्यायच्या.

निघायच्या दिवशी मी त्यांना चिडवून पाहिलं. ट्रंक रिक्षात चढत होती. मी म्हटलं, 'बाई, त्याला थांबायला तुम्हीच सांगितलंत. माझा एकटीचा दोष नाही.' वाटलं, आता तरी थोबाडीत बसेल. मग मी रडेन, पाया पडेन, त्या मला शिव्या देत जवळ घेतील.

'बरोबर आहे तुमचं,' बाई म्हणाल्या. 'सामान बघून घ्या. सुखाने राहा.'

रिक्षा फाटकाबाहेर पडली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. कोणीतरी नळ चालू ठेवून गेलं होतं. 'काय वं भवाने, बापाचा नळ हाय का तुह्या? इकडं ये, कानच उपटते!' ती पोरगी खिदळत पळाल्याचंही ऐकू आलं. मला त्या पोरीचा इतका हेवा वाटला, की रिक्षावाल्याने कुठे जायचं हे दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे मी स्टेशन म्हटलं.