उभा मेनू

जाम गावच्या चौकात आमचं भोजनालय आहे. बस थांबली की आमचे हे दारात उभे राहून एका दमात सगळा मेनू सांगायचे: तर्री-पोहा, आलूबोंडा, झुणका-भाकर, पाटोडी, वरण-भात. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तेव्हापासून हे काउंटरवर बसेनात. "काय काय आहे?" असं गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगणार काय? मागं चुलीपाशी तोंड लपवून भाकरी शेकत बसायचे. मला ते बघवत नव्हतं. पण रडणं माझ्या स्वभावात नाही. मी भिंतीवर लावायची स्क्रीन मागवली.

ती उभीच हवी होती. आडव्या स्क्रीनवर पदार्थ दोन रांगांत जातात आणि यांचा क्रम मोडतो. मला एकाखाली एक हवं होतं, हे बोलायचे तसं.

वर्ध्याहून मेकॅनिक आला. त्यानं स्क्रीन उभी बसवली, मागं प्लेअरची डबी जोडली. मी मोबाईलवर बनवलेला मेनू सुरू केला, तर सगळी अक्षरं कुशीवर निजलेली. त्यानं सेटिंगमध्ये नव्वद अंश निवडलं, तर मेनू डोक्यावर उभा!

हे चुलीपासून उठून आले, स्क्रू पिळायचा पेचकस उचलला आणि स्क्रीनच उलटी करू या म्हणून हातानं खुणावलं.

"नका भाऊ," मेकॅनिक म्हणाला. "मागं बाण हाय ना, ते बाजू वरतच पायजे. गरम हवा तिकूनच निघते. आपन सेटिंगच फिरवू."

त्यानं दोनशे सत्तर केलं. अक्षरं सरळ झाली, पण मेनू मधल्या पट्टीत आखडून बसला. वरखाली नुसतं काळं.

"आता हे काऊन?" मी खेकसले.

"वहिनी, तुमी आडवा बनवला. उभ्या मापात बनवा. रुंदी हजार ऐंशी, उंची एकोणीसशे वीस."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी पुन्हा बनवायला बसले. हे शेजारी टेकले. मी एकेक पदार्थ लिहायची आणि क्रम चुकला की हे माझं मनगट धरायचे. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या हळुवारपणे यांनी माझी चूक कधी काढली नव्हती.

या वेळी मेनू वरपासून खालपर्यंत भरून आला. तेवढ्यात नागपूरची बस थांबली. हे काउंटरवर जाऊन बसले. एक म्हातारे गृहस्थ आत आले. "काय काय हाय?"

यांनी स्क्रीनकडे हात केला. म्हातारे मधूनच वाचायला लागले, "झुणका-भाकर, पाटोडी..."

यांनी नाही म्हणून मान हलवली, उठले आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हातारे हसले आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचू लागले. ओळीमागून ओळ यांचं बोट खाली सरकत होतं आणि ओठ हलत होते. मी चुलीकडे पळाले, भाकर करपली म्हणून. करपली नव्हती.