चौसष्ट तासांचा नकाशा

जाणून घेण्याची इच्छा पुष्कळांना असते. पण ती बहुधा दुसऱ्यांच्या बाबतीत. शेजाऱ्याच्या घरी काय शिजते, सहकाऱ्याची बढती का अडली, हे विचारायला कुणाची जीभ अडखळत नाही. स्वतःच्या कामाकडे मात्र, ते जणू काल प्रथमच हाती आले आहे अशा नजरेने पाहणारी माणसे विरळा. अशी जिज्ञासा निर्भय असावी लागते, कारण तिच्या शेवटी आपलीच चूक बसलेली असू शकते. शाळेत जिला सारेजण मैदानबाई म्हणत, त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेजवळ ही दुर्मिळ जिज्ञासा होती.

बारा वर्षे तिने सहावी-सातवीचे वर्ग मैदानावर सांभाळले. उंच, सावळी, चालताना पावलांचा आवाज न करणारी. शिट्टी गळ्यात असे, पण ती क्वचितच वाजे. तिने नुसता हात वर केला की मुले थांबत.

त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतले. गणिताच्या सरांची मागणी होती की सातवीचा पाया कच्चा आहे, तेव्हा आठवड्याच्या दोन मैदानी तासांपैकी एक गणिताला द्यावा. मुख्याध्यापिका न्यायी बाई होत्या. त्या म्हणाल्या की, गणिताचे सर वर्षभरात काय शिकवतात ते मला कागदावर दिसते. तुमचे दिसत नाही. शनिवारी शाळा समितीची बैठक आहे. तोवर वर्षाची आखणी आणा, नाहीतर तास गेलाच असे समजा.

मैदानबाई रागावली नाही. प्रश्न तिला रास्त वाटला, आणि खरे सांगायचे तर त्याचे उत्तर तिलाही ठाऊक नव्हते.

घरी ती थोरल्या बहिणीबरोबर राही. ही ताई शिवणकाम करी आणि बोलणे सुईसारखे टोचून करी. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मैदानबाईने एक लांबच लांब कागद पसरला. छत्तीस आठवडे, प्रत्येकी दोन तास, म्हणजे बहात्तर. परीक्षा, सुट्ट्या, सभा-समारंभ यांचे आठ वजा केले, उरले चौसष्ट. प्रत्येक तासाची एक चिठ्ठी कापली आणि चार रंगांत वाटली. खेळांना बावीस, हालचालींच्या कौशल्यांना वीस, तंदुरुस्तीला बारा, आरोग्याला दहा. तंदुरुस्तीचे तास कमी दिसत, पण प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे तिचीच होती; हे बारा तास केवळ मोजमापाचे आणि दम, ताकद, लवचीकता कशी वाढते हे मुलांना समजावण्याचे.

‘‘आता शाळा टेबलावर भरणार, की आम्हाला जेवायलाही मिळेल?’’ ताईने विचारले.

मैदानबाईने ऐकलेच नाही. ती वेगळ्याच गोष्टीत गुंतली होती. नवी आखणी करण्याआधी, आजवर प्रत्यक्षात काय शिकवले गेले हे पाहावे म्हणून तिने बारा वर्षांच्या दैनंदिन वह्या काढल्या आणि झालेला प्रत्येक तास त्याच कागदावर ज्या त्या घटकाच्या पट्ट्यात पेन्सिलीच्या ठिपक्याने नोंदवला. संध्याकाळपर्यंत कागदाचा डावा भाग ठिपक्यांनी काळा झाला. फेकणे, झेलणे, धावता धावता दिशा बदलणे. उजव्या टोकाशी एक पट्टा मात्र कोरा राहिला. त्या पट्ट्यात तोल सावरणे, लोळण घेणे आणि उडी मारून जमिनीवर नीट उतरणे हे घटक होते.

तिला नवल वाटले, कारण दरवर्षी वहीत स्वतःपुरत्या केलेल्या आखणीत ते घटक होतेच. मग ते गेले कुठे? वह्या पुन्हा चाळल्यावर उलगडा झाला. ते तिसऱ्या सत्रात लिहिलेले असत, आणि तिसऱ्या सत्रात वार्षिक क्रीडास्पर्धा येई. मैदान संघांच्या सरावाला जाई, वर्ग कडेला बसे. पुढच्या वर्षी नवी वही उघडली की पहिल्या पानावर पुन्हा फेकणे आणि झेलणे. सहावीत शिकलेले सातवीत पहिल्यापासून, आणि शेवटचे दोन्ही वर्षी राहून गेलेले.

मग तिने शाळेतून आणलेली प्रथमोपचाराची नोंदवही उघडली. मुरगळलेल्या घोट्यांपुढे उडीनंतर पडल्याचे शेरे पानोपानी होते. दोन वह्यांचा संबंध तेवढ्याने सिद्ध होत नाही हे ती जाणून होती. पण विचारण्याजोगा प्रश्न मात्र हाती आला होता.

ताईने खांद्यावरून कागद पाहिला. म्हणाली, ‘‘कापड कमी असलं की आम्ही बाह्या आधी कापतो गं. शेवटावर ठेवल्या तर पोलकं बिनबाह्यांचं व्हायचं. तू बारा वर्षं बिनबाह्यांचीच शिवत्येस.’’

मैदानबाई हसली आणि चिठ्ठ्या उचलून दुसऱ्या कागदावर मांडणी नव्याने करू लागली. उडी आणि उतरणे वर्षाच्या अगदी आरंभी आले, कारण जाळीवरून चेंडू टोलवण्याच्या आणि हवेत झेपावण्याच्या खेळांना आधी तेच लागते. स्पर्धेच्या आठवड्यांत नवे काहीच ठेवले नाही. मुलांना येत असलेले खेळ, कोपऱ्यातल्या छोट्या जागेत. आरोग्याचे तास आजवर मैदान ओले झाले की घेतले जात. ज्या वर्षी मैदान कोरडे राही त्या वर्षी झोप, पाणी, दुखापत, वयात येणे यांतले काहीच होत नसे. त्यांना आता स्वतःचे दिवस मिळाले. तंदुरुस्तीची मोजणी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी.

एक प्रश्न उरला. तो पेन्सिलीचा कागद समितीला दाखवायचा का? ताईने स्पष्ट बजावले की आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. नवा नकाशा दाखव, जुना पेटीत ठेव. पण पट्टा कोरा का राहिला हे न सांगता नव्या मांडणीचे कारण सांगता येत नव्हते.

शनिवारी तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. ‘‘बारा वर्षं मी मुलांना उतरायला शिकवलेलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘का, ते मला या रविवारी कळलं.’’

बैठकीला आलेले गणिताचे सर वाकून ठिपके मोजू लागले. आकडे दिसले की त्यांना राहवत नसे. मग मैदानबाईने चौसष्ट चिठ्ठ्या त्यांच्यापुढे सरकवल्या आणि विनंती केली की, आठवड्याचा एक तास जायचाच असेल तर यांतल्या निम्म्या, म्हणजे बत्तीस, तुम्हीच काढा.

सरांनी आधी खेळांच्या दहा काढल्या. मग म्हणाले की, असे केले तर शिकलेले वापरायचे कुठे? चार परत ठेवल्या. तंदुरुस्तीची मधली मोजणी काढली आणि स्वतःच पुटपुटले की दोन बिंदूंवरून कल कळत नाही. वयात येण्याची चिठ्ठी त्यांनी उचलली, वाचली आणि जागेवर ठेवली. त्यांची मुलगी त्या वर्षी सातवीत जाणार होती. अर्ध्या तासाने त्यांच्या हातात नऊ चिठ्ठ्या होत्या.

‘‘माझ्याच्यानं बत्तीस निघत नाहीत,’’ ते मुख्याध्यापिकांना म्हणाले आणि मैदानबाईकडे वळले. ‘‘आणि बाई, माझीही तिसऱ्या सत्रातली भूमिती दरवर्षी अशीच बुडते. हा कागद मला दोन दिवस द्याल?’’

मुख्याध्यापिकांनी निर्णय दिला. तास राहील, पण एका वर्षापुरता; वर्षअखेरीस झालेल्या तासांचा असाच ठिपक्यांचा कागद समितीपुढे यावा. मैदानबाईने तो आणला. त्यात अकरा तास बुडालेले होते आणि ते तिने झाकले नाहीत. कोरा पट्टा मात्र भरला होता. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ती तो कागद आणत राहिली, आणि दरवर्षी त्यात काहीतरी नवे निघाल्याचे कौतुकाने सांगत राहिली.

तिला जाऊन आता चार वर्षे झाली. त्या शाळेत सहावी-सातवीला आठवड्याचे दोन तास आजही मैदानावर होतात, आणि वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुले उडी मारून गुडघे वाकवत हलकेच उतरायला शिकतात.