लाल पानावरची चौसष्टावी ओळ

"अ‍ॅप तुझ्याच पानावर आपटलंय ना? मग अजून काय बघायचं राहिलं?"

"मंग माझ्याच चुकीनं आपटलं, हे कुठं लिव्हलंय त्याच्यात?" करुणा म्हणाली.

सुदर्शननं मोबाईल तिच्या कीबोर्डवर ठेवला. "वाच की. पावतीचं पान. परवा कोण हात घालायलं होतं त्याच्यात? मी?"

करुणानं मोबाईल उचलला नाही. तशीच वाकून बघत राहिली. बन्सी धनगराची पोर ती, पाचोडच्या पलीकडची. बापाचा शकी सोभाव तिच्यात पुरता उतरलेला. सांजच्याला शेळ्या कोंडल्यावर एक जरी कमी भरली तर बन्सी आधी कुत्र्यावर शक घ्यायचा, मग शेजाऱ्यावर, मग स्वतःच्या मोजण्यावर. करुणाचं बी तसंच, फक्त तिचा क्रम वेगळा होता. ती आधी माणसावर शक घ्यायची.

मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर टायरच्या दुकानावर एक जिना चढून गेलं की बद्रीनाथ सरांचं ऑफिस. दूध संकलन केंद्रासाठी अ‍ॅप बनवायचं तिथं काम. केंद्रावरच्या माणसानं दूध मापलं, फॅट टाकलं की मोबाईलवरनं पावती निघायची. माणसं मोजून तिघं: सर, सुदर्शन, अन नवी आलेली करुणा. तिला अजून कायम केलेलं नव्हतं. तिनं केलेलं पहिलं काम एवढंच की पावतीवरचे आकडे मराठीत दिसावेत. मंगळवारी ते काम नव्या आवृत्तीत बसून सगळ्या केंद्रांना गेलं. अन आज गुरुवारी बिडकीनच्या केंद्रावरनं साहेबरावांनी फोटो पाठवला.

फोटो म्हणजे लाल पानाचा स्क्रीनशॉट. सुदर्शननं लई आधी एक सोय करून ठेवली होती. अ‍ॅप मेलं की गुपचूप बंद पडायच्या ऐवजी लाल रंगाचं पान उघडायचं, अन मरताना काय झालं ते सगळं इंग्रजीत त्याच्यावर यायचं. केंद्रावाल्यानं त्याचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकायचा. फोटो आला की सुदर्शन वरची ओळ वाचायचा, पानाचं नाव बघायचा अन ते पान शेवटी ज्यानं हाताळलं त्याच्याकडं मान वळवायचा. एवढा त्याचा तपास. मधला एक पोरगा सोडला तर आजवर तो एकटाच होता, त्यामुळं मान वळवायला कोणी नव्हतं.

"सरांना सांगितलं मी," सुदर्शन म्हणाला. "सायंकाळी बघू म्हणले."

काय बघू, ते करुणाला विचारायची गरज नव्हती. तिच्या आधी आलेल्या पोराला बी सरांनी सायंकाळीच बघितलं होतं. तो परत आला नाही.

सुदर्शन चहा सांगायला खाली गेला अन करुणा फोटो मोठा करून वाचायला लागली. वर लिहिलं होतं, पावतीचं पान सुरूच करता आलं नाही. `Unable to start activity`, पुढं पानाचं नाव `PavtiActivity`. त्याच ओळीत पुढं `NullPointerException`. म्हणजे एखादी वस्तू आहे असं धरून तिला काम सांगितलं, अन तिथं वस्तूच नाही. नुसती रिकामी जागा. कोणती वस्तू, ते बी लिहिलेलं होतं: `Bhav.getDar()` बोलवायला गेलं, पण बोलवायचं ज्याला तो भावच नव्हता.

त्याच्या खाली ओळीच ओळी. सगळ्या `android` नावानं सुरू होणाऱ्या. ती अँड्रॉइडची स्वतःची माणसं. त्यांच्याकडं बघून काही कळत नाही, त्यांनी फक्त दार उघडून आत सोडलं. करुणाला पाहिजे होती आपल्या अ‍ॅपच्या नावाची ओळ, जिथं फाईलचं नाव अन शेजारी आकडा असतो. ती या फोटोत नव्हतीच. फोटो अर्ध्यावर तुटला होता.

तिला पहिला शक इथंच आला. खालचं कोणी कापलं?

तिनं सुदर्शनला विचारलं नाही. सरळ साहेबरावांना फोन लावला.

"काका, करुणा बोलते, मुकुंदवाडीच्या ऑफिसातनं. त्या लाल पानाचा खालचा भाग पाहिजे. बोटानं वर सरकवा अन पुन्हा एक फोटो काढा."

"सुदर्शन कुठं गेला?"

"खाली गेलेत. मलाच सांगितलं बघायला." हे खोटं होतं.

"तुमचा नंबर माझ्यात नाय बाई. परवा आमच्या गावातल्या एकाला असाच फोन आला, बाईच होती."

"मी ओटीपी मागते का काका? फोटो मागायलेय. त्यात तुमचं काय जायलंय?"

पलीकडं कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं," म्हणाले.

दुसरा फोटो आला. मधोमध एक ओळ होती, `Caused by` असं सुरू होणारी. वरचा सगळा पसारा म्हणजे बातमी, अन खरी मूळ घटना या ओळीपासनं. त्याच्या लगोलग खाली, पहिलीच ओळ आपल्या अ‍ॅपच्या नावाची. कंसात फाईल अन आकडा: `PavtiActivity.java:64`.

तिनं आपल्या मशीनवर ती फाईल उघडली. चौसष्टाव्या ओळीवर गेली.

तिथं एक महिरपी कंस होता. बंद होणारा. बास. त्यात भाव नाही, दर नाही, मरण्यासारखं काहीच नाही.

तिनं डोळे बारीक केले. मंगळवारनंतर कोणी फाईल हलवली का काय? सुदर्शननं काही खालीवर केलं अन आता आळ माझ्यावर? तिनं बदलांचा इतिहास काढून बघितला. मंगळवारनंतर कोणाचाच हात लागलेला नव्हता. तिचाच शेवटचा.

मग बापासारखं तिनं स्वतःच्या मोजण्यावर शक घेतला. ही ओळ माझ्या फाईलीतली आहे, हे मला कोणी सांगितलं? आकडा तर साहेबरावांच्या मोबाईलनं दिलाय. त्याच्यात जी आवृत्ती आहे, तिच्यातली चौसष्टावी ओळ ती.

पुन्हा फोन.

"काका, एकच. अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरा. ॲप इन्फो येईल. तिथं सगळ्यात खाली व्हर्जन लिहिलेलं असंल."

"आता हे कामून?"

"तुमच्याकडं जुनं अ‍ॅप आहे का नवं, ते बघायचंय."

"जुनंच आहे. ते बघायला बोट कशाला दाबू? मंगळवारी मेसेज आला होता अपडेट करा म्हणून, नाय केलं. मागच्या बारीला नवं टाकलं तर बिलाचं चित्रच बदललं. हफ्ताभर सापडंना मला."

"तरी आकडा सांगा."

कुरकुरत त्यांनी सांगितला. तीन पॉइंट एक. करुणाचं काम तीन पॉइंट दोनमध्ये होतं.

ती खुर्चीत मागं टेकली. पण खूश झाली नाही. ओळ सापडल्याशिवाय नुसतं 'माझं नाही' म्हणणं काय कामाचं. सुदर्शन म्हणाला असता, नव्यात बी असंल. अन ते तर खरंच असू शकत होतं.

तिनं तीन पॉइंट एकची जुनी फाईल काढली. प्रत्येक आवृत्ती जाताना तिच्यावर खूण मारून ठेवायची पद्धत होती, म्हणून ती जशीच्या तशी मिळाली. चौसष्टावी ओळ:

`double dar = bhavPatti.get(janavar).getDar();`

भावपट्टीतनं जनावराचा भाव काढायचा अन त्याचा दर घ्यायचा. एका ओळीत दोन उड्या. पट्टीच नसती तर तक्रार `get`ची आली असती. तक्रार `getDar`ची आहे, म्हणजे पट्टी आहे, पण विचारलेल्या जनावराचा भाव तिच्यात नाही. आपल्या नव्या फाईलीत तीच ओळ शोधली. सत्तराव्या ओळीवर उभी होती, जशीच्या तशी. वर सहा ओळी करुणाच्या वाढल्या, म्हणून ही खाली सरकली. म्हणजे नव्यात बी मरणारच होतं.

सुदर्शन चहा घेऊन आला. मागनं बद्रीनाथ सर आले. सरांच्या हातात हेल्मेट तसंच.

"काय निघालं?" सर म्हणाले.

"निघालं अर्धं," करुणा म्हणाली. "साहेबरावकाकाच्या मोबाईलमधी जुनी आवृत्ती आहे. माझा बदल त्यांच्यापर्यंत गेलाच नाय. अन ओळ ही आहे." तिनं स्क्रीन वळवली.

सुदर्शननं वाचलं. "ही ओळ दोन वर्षांपासनं आहे. दोन वर्षं चालली ना? आजच कामून मेली?"

सवाल खरा होता. करुणानं तिसऱ्यांदा फोन लावला अन या बारीला स्पीकरवर टाकला.

"काका, शेवटचं विचारते. कोणतं जनावर निवडल्यावर लाल पान येतं?"

"गाय चालती. म्हैस चालती. शेळी दाबली की मेलं."

"शेळी?" सर म्हणाले. "आपल्यात शेळी कधीपासनं?"

"डेंगूची साथ आहे ना शहरात," साहेबराव म्हणाले. "शेळीच्या दुधानं पेशी वाढत्यात म्हणत्यात, म्हणून लोक गाड्या घेऊन यायलेत दुधाला. धनगरवाड्यावरच्या आक्काबाईनं दूध आणलं, मी म्हणलं पावती कर. सुदर्शननंच तिथनं यादीत टाकून दिली की शेळी, सोमवारी. त्याच्याशी बोलणं झालं होतं माझं. हाय का तो तिथं?"

जनावरांची यादी ऑफिसातनंच बदलायची, तिला अपडेट लागत नव्हतं. सर सुदर्शनकडं वळले.

"भाव नाय टाकला?" सर म्हणाले.

"शेळीचा भाव बोलीवर असतो सर. आज एक, उद्या एक. काका म्हणले तोंडीच ठरतो. मी काय टाकणार होतो?" मग चहा खाली ठेवून, "मला वाटलं रिकामा असला तर चालंल."

करुणा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. खरंच विसरला का सकाळपासनं ठाऊक होतं? सोमवारी शेळी टाकलेला माणूस गुरुवारी पावतीचं पान मेल्यावर दुसरीकडं मान वळवतो, हे तिला पटत नव्हतं. पण फोटो तुटला होता तो साहेबरावांनी सरकवला नाही म्हणून, अन फाईल कोणी हलवलीच नव्हती. सकाळपासनंचे दोन शक तर खोटेच निघाले होते. तिसरा तिनं गिळला नाही, पण ओठावर बी आणला नाही.

"आता शून्य टाकून मोकळं कर," सुदर्शन म्हणाला. "भाव नसला तर दर शून्य. मरणार नाय."

"शून्यानं पावती निघंल," करुणा म्हणाली. "आक्काबाईनं दूध फुकट दिलं असं दिसंल त्याच्यावर. तिला वाचता येत नसंल तर घरी जाऊन कळंल. अ‍ॅप मेलेलं बरं त्यापरीस."

सरांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मग?"

"आधी भाव आहे का बघायचं. नसला तर पावती काढायचीच नाय. 'शेळीचा भाव टाकलेला नाही' असं मराठीत दाखवायचं अन तिथंच भाव विचारायचा. बोलीत जो ठरला तो टाका, मग पावती."

"दोन्ही आवृत्त्यांत?"

"जुन्यात नाय जमणार. काकांना अपडेट करावंच लागंल."

"ते तू समजव त्यांना," सर म्हणाले. "अन सुदर्शन, लाल पानं उद्यापासनं हिच्याकडं जाऊ दे." सायंकाळी बघण्याचं ते काही बोलले नाहीत. आत निघून गेले.

सुदर्शननं तिच्यापुढं चहाचा कप सरकवला. "साखर जास्त पडलीय चहावाल्याच्या हातनं."

"चालतंय," करुणा म्हणाली. कप तसाच राहू दिला.

तिनं सत्तरावी ओळ तोडून दोन केल्या, मधी तपासणी घातली. मग मुद्दाम शेळी निवडून भाव रिकामा ठेवला अन चालवून बघितलं. लाल पान आलं नाही. पुन्हा एकदा चालवलं, कारण पहिल्या बारीवर तिचा इतबार नव्हता. नवी आवृत्ती चढवायला लावली अन साहेबरावांना लिहिलं, काका, अपडेट करा, बिलाचं चित्र तेच आहे, बदललेलं नाही.

तेवढ्यात सुदर्शनचा मोबाईल वाजला, अन त्यानं तो तिच्याकडं सरकवला. पाचोडच्या केंद्रावरनं लाल पान. फोटो अर्ध्यावर तुटलेला.

तिनं नंबर लावला.

"भाऊ, खालचं बी सरकवून पाठवा," ती म्हणाली, "अन आधी व्हर्जन सांगा."