बावन्न वजा सत्तावीस

गॅरेजचं सामान आणायला मी आठवड्यातून दोनदा नाशिकला जातो. दुपारच्या सुरगाणा एसटीत इतकं काही घडतं, की घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतो. गावित मॅडमचं मात्र विसरलो नाही. अजून राग येतो, त्यांचा नाही.

*

मॅडम आमच्या गावच्या शाळेत दुसरीला शिकवतात. तीन दिवस ट्रेनिंगला नाशिकला बोलावलं होतं. विषय काय, तर पाठाचं नियोजन कसं करावं! आणि उद्याच्या पाठाचं नियोजन करायला वेळ उरला फक्त एसटीतला. पुस्तक शाळेत, मोबाइल बंद. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या, मांडीवर एक वही.

*

मजूर ठरवायला आमच्या गावी निघालेले, मागच्या सीटवरचे एक बागायतदार म्हणाले, "मास्तरणीला कसली तयारी? पुस्तक उघडायचं नि वाचायचं."

मॅडमनी मागे पाहिलं. "परवा सहा पोरं आईबापाबरोबर तुमच्याकडं द्राक्षाच्या कामाला येतील. त्यांना हातच्याची वजाबाकी शिकवायला माझ्याकडं उद्याचाच दिवस आहे."



*

घाटात अक्षर नाचायचं. म्हणून वळणावर मॅडम नुसता विचार करायच्या आणि गाडी थांबली की लिहायच्या. आधी उजळणी, मग फळ्यावर उदाहरण, मग सराव. प्रत्येकाला किती मिनिटं, तेही.

पेठच्या स्टँडवर त्यांनी वही माझ्यापुढे केली. "दादा, हे सोडवा."

बावन्न वजा सत्तावीस. मी पस्तीस लिहिलं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस.

"कसं काढलं?"

"दोनातून सात जात नाही. म्हणून सातातून दोन काढले."

मॅडमनी अख्खं पान खोडलं. "पोरंही हेच करतात. मी फळ्यावर करून दाखवते, ती उतरवून घेतात, आणि चूक तशीच राहते."

नवीन पान सुरू झालं. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या, दोन सुट्या. सात मागायच्या. सुट्या पुरत नाहीत, हे पोरांनाच कळू द्यायचं. एक जुडी त्यांनीच सोडायची. आता जुड्या चार, सुट्या बारा. सात गेल्या, पाच राहिल्या. चारातून दोन जुड्या गेल्या, दोन राहिल्या. पंचवीस. फळा सगळ्यात शेवटी.

"जुड्या बांधायला काय घेऊ? सुतळीची गाठ त्यांना सुटत नाही."

जुन्या ट्यूबच्या रबरी रिंगा आम्ही गॅरेजात कापतोच. सकाळी आणून देतो म्हणालो.

मला मात्र आमचे मास्तर आठवत होते. याच वजाबाकीला त्यांनी माझ्या बोटांवर पट्टी मोडली होती.

*

सकाळी रिंगा घेऊन शाळेत गेलो. देऊन निघणार होतो, मॅडमनी बसवून घेतलं. पोरं जुड्या सोडत होती. कोपऱ्यातल्या मंगलीचं उत्तर आलं पस्तीस.

मॅडमनी विचारलं, "कसं काढलं?" तिनं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "या दादांनीही काल असंच काढलं."

मंगलीनं जुडी सोडली, पुन्हा मोजलं, पंचवीस लिहिलं. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं,

"तुला शाळंत कोणी इचारलं नाय का, कसं काढलं?"