आवाज बंद असलेली जाहिरात

मावशी मला फारशी कळली होती असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आमच्या जाहिरात कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, जाहिराती लिहायची. मी त्यांच्या खर्चाचा अंदाज काढायचो. वयाने माझ्याहून लहान, तरी सगळ्यांची मावशीच.

कानाच्या मशीनवाल्यांची वीस सेकंदांची जाहिरात होती, फक्त फोनवर दाखवायची. हे गिऱ्हाईक गेलं तर मावशीची खुर्चीही जाईल, असं साहेबांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडची रीत अशी, की तीन कल्पना न्यायच्या. त्यातली एक नुसती भरतीची, नाकारली जावी म्हणूनच. पण मावशीला भरतीचं लिहिता येत नसे.

मशीनवाल्या मालकांसमोर तिने तिन्ही उभ्यानेच सांगितल्या.

"पहिली. भरलं घर, सगळे हसतायत, पण आवाज शून्य. आजोबा मशीन लावतात आणि चमच्याचा खण्ण! त्यांना काय ऐकू येत नाही, ते बघणाऱ्याला कळतं. एक घर, पाच कलाकार, एक दिवसाचं शूटिंग. दुसरी. प्रसिद्ध नट सारखा 'काय म्हणालात?' विचारतो. चेहरा बघून लोक थांबतील. पण बाकी सगळ्या खर्चाहून त्याचं मानधन जास्त, आणि वर्षाने जाहिरात पुन्हा दाखवायची तर पुन्हा द्यायचं."

"आणि तिसरी?"

"काळा पडदा, त्यावर अक्षरं: 'तुमच्या फोनचा आवाज बंद असेल. बाबांसाठी जगाचा आवाज सहा वर्षं बंद होता.' मग मशीन दिसतं आणि तुमचा नंबर. शूटिंगच नाही. सगळ्यात स्वस्त."

साहेब घाईने म्हणाले, "नटाची घ्या. नाव होईल."

मालकांनी मावशीकडे पाहिलं. "तुमच्या मनात कोणती?"

"पहिली. जीव आहे माझा तिच्यावर."

"मग तीच करू या की."

मावशीने पदराला हात पुसले. "नको. लोक फोन आवाज बंद ठेवूनच बघतात. तिथे माझी शांतता कुणाला कळणार? चमचाही वाजायचा नाही. आणि नटाच्या जाहिरातीत तुमच्याच गिऱ्हाइकाची थट्टा होते. तिसरी घ्या."

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मालक मात्र हसले. "स्वतःचंच लेकरू मोडीत काढणारी बाई पहिल्यांदाच बघतोय. तिसरी करा. आणि पुढचं कामही हिच्याकडेच द्या."

खुर्ची राहिली. त्या संध्याकाळी मी तिसरीचा खर्च लिहीत होतो. मावशीने पहिलीचे कागद चार वेळा सरळ केले आणि कपाटात ठेवले. रडली का, ते मी पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेलो. परतलो तोवर ती नोकरी सोडून लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेली होती; का, ते मला कळलं नाही. कागद कपाटात ठेवले त्या संध्याकाळी निघताना दारातून वळून ती एवढंच म्हणाली होती, "जाताना पंखा बंद करा हो."

"करतो," मी म्हणालो.